हुकूमनामा मिळाला, आता पैसे कुठून? सोलापुरात दरखास्त लावताना देणेकऱ्याची जप्तीयोग्य मालमत्ता कशी शोधायची

दिवाणी दावा जिंकलेला व्यापारी निकालाच्या दिवशी पेढे घेऊन येतो. सहा महिन्यांनी तोच पुन्हा येतो आणि विचारतो, "वकीलसाहेब, कागद मिळाला, पैसा कुठाय?" त्याचं चुकत नाही. न्यायालय हुकूमनाम्यात तुमचं घेणं ठरवून देतं, पण देणेकऱ्याच्या खिशात हात घालून पैसे काढून देत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला आपल्याकडे दरखास्त म्हणतात. दरखास्तीत देणेकऱ्याची कुठली मालमत्ता जप्त करायची हे तुम्ही सांगायचं असतं. बेलिफ शोध घेत फिरत नाही. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर जातो, दाखवलेली वस्तू जप्त करतो, नाहीतर "मिळकत मिळून आली नाही" असा अहवाल देऊन परत येतो. माझ्या पाहण्यात बहुतेक दरखास्ती कायद्याच्या मुद्द्यावर हरत नाहीत, त्या मालमत्तेच्या यादीपाशीच अडतात.

म्हणून या लेखात यादी कशी तयार करायची यावरच भर आहे. सोलापूरच्या धंद्यात नेहमी दिसणारं एक उदाहरण घेतो. ते अनेक प्रकरणांवरून बेतलेलं आहे, एका माणसाचं नाही. एका सूत व्यापाऱ्याने अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराला उधारीवर सूत दिलं. पैसे आले नाहीत म्हणून १ जुलै २०२१ रोजी दावा दाखल झाला. जानेवारी २०२४ मध्ये हुकूमनामा झाला तो असा: मुद्दल ६,००,००० रुपये, दाव्याच्या तारखेपासून वसुलीपर्यंत द.सा.द.शे. ९ टक्के व्याज आणि खर्च ३८,४०० रुपये. कारखानदाराचं अपील नाही, स्थगिती नाही. नुसतं अपील दाखल झालं म्हणून वसुली थांबत नाही, स्थगितीचा आदेश लागतो, एवढं इथे लक्षात असू द्या.

आधी हुकूमनामा कोणाविरुद्ध आहे ते वाचा

हे सांगायची गरज नसावी, पण आहे. दुकानाच्या पाटीवर "अमुक टेक्स्टाईल्स" लिहिलेलं असतं, त्यामागे कोण आहे यावर तुमची यादी अवलंबून राहते. एकल मालकीचा धंदा असेल तर धंदा आणि मालक एकच, म्हणून मालकाचं वैयक्तिक बँक खातं, सदनिका, गाडी हे सगळं त्याच हुकूमनाम्याखाली येतं. भागीदारी फर्म असेल तर फर्मची मालमत्ता आधी, आणि भागीदाराच्या खाजगी मालमत्तेला हात लावायचा तर तो भागीदार दाव्यात होता का, त्याला स्वतःला समन्स बजावलं होतं का, हे पाहावं लागतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर संचालकाचा बंगला कितीही मोठा असो, तो कंपनीच्या देण्यासाठी आपोआप जप्त होत नाही.

हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे gst.gov.in वर करदात्याचा शोध. जुन्या बिलावरचा जीएसटी क्रमांक टाकला की Constitution of Business या रकान्यात एकल मालकी, भागीदारी की कंपनी ते दिसतं, शिवाय धंद्याचा नोंदलेला पत्ताही मिळतो. आमच्या उदाहरणात तिथे Proprietorship निघालं आणि अर्धी लढाई सोपी झाली.

पैसे कुठे आहेत याचा शोध स्वतःच्या वहीतून

देणेकऱ्याच्या बँकेचं नाव शोधण्यासाठी लोक गुप्तहेर लावल्यासारखं करतात. मी त्यांना स्वतःचं बँक स्टेटमेंट आणायला सांगतो. हा माणूस चार वर्षांपूर्वी तुम्हाला पैसे पाठवत होता ना? मग आरटीजीएसच्या नोंदीत त्याच्या बँकेचा आयएफएससी कोड बहुधा असतो आणि त्यावरून बँक व शाखा कळते. न वटलेला धनादेश दावा लावताना जोडला असेल, तर त्यावर खाते क्रमांकच छापलेला असतो. त्याच्या लेटरहेडवर आणि बिलाच्या तळाशी "आमचे बँक तपशील" असतात. मुनीमजींना एक दुपार द्या, एवढं काम होतं.

पण इथे एक खाच आहे, आणि ती सोलापूरच्या कारखानदारांना हमखास लागू पडते. त्यांचं मुख्य खातं बहुधा कॅश क्रेडिटचं असतं, म्हणजे बँकेने दिलेल्या उचलीचं. त्या खात्यात पैसे उणे असतात. बँक कारखानदाराला देणं लागत नाही, उलट तोच बँकेला देणं लागतो. असं खातं जप्त करून काही हाती येत नाही. मंजूर मर्यादेतली न वापरलेली रक्कमही त्याची मालमत्ता होत नाही. बँक उत्तर देते की "खात्यात जमा शिल्लक नाही", आणि कारखानदाराला मात्र सुगावा लागतो. म्हणून चालू खातं, बचत खातं आणि मुदत ठेवी यांच्यामागे जा. सोलापुरात ठेवी नागरी बँकांत आणि पतसंस्थांतही असतात. पतसंस्थेतली ठेव जप्त होते, तिथला सभासद म्हणून घेतलेला भाग होत नाही. ठेवीवर त्याने तारणकर्ज घेतलं असेल, तर पतसंस्था आधी आपलं वळतं करून घेणार, हेही गृहीत धरा.

त्याचा देणेकरी हाच तुमचा खजिना

आता माझ्या मते सगळ्यात फलदायी जागा. टॉवेलवाला सुतासाठी तुम्हाला देणं लागतो, तसंच टॉवेल घेतलेले व्यापारी त्याला देणं लागतात. सोलापुरात हे पैसे नेहमी फिरत असतात. चाटी गल्लीतल्या दुकानदाराने त्याच्याकडून माल उचलला असेल, तर ते न दिलेलं बिल म्हणजे देणेकऱ्याची मालमत्ताच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४६ खाली ते येणं जप्त होतं. न्यायालय मनाई हुकूम काढतं: देणेकऱ्याने ते पैसे वसूल करू नयेत आणि दुकानदाराने ते त्याला देऊ नयेत. मग नियम ४६-अ खाली त्या दुकानदाराला, म्हणजे कायद्याच्या भाषेत गार्निशीला, नोटीस निघते: पैसे न्यायालयात भरा किंवा का भरत नाही ते सांगा. तो गप्प बसला आणि पैसेही भरले नाहीत, तर न्यायालय त्याच्याविरुद्धच आदेश करू शकतं. त्या आदेशाची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखी होते. दुकानदाराने न्यायालयात भरले की त्याचं टॉवेलवाल्याला असलेलं देणं तेवढं फिटलं, ते पुन्हा द्यावं लागत नाही. त्यामुळे सरळ वागणारा दुकानदार सहसा वाद घालत नाही.

हे येणं शोधायचं कुठून? तीन मार्ग हमखास कामाला येतात. पहिला बाजार, कारण एका गल्लीत कुणाचा माल कुणाकडे जातो हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरा ट्रान्सपोर्टवाला. तिसरा मात्र फारसं कुणाला सुचत नाही: services.ecourts.gov.in वर पक्षकाराच्या नावाने शोध घ्या आणि देणेकरी जिथे वादी किंवा फिर्यादी आहे ती प्रकरणं पाहा. तुमचे पैसे बुडवणारा माणूस स्वतःच्या गिऱ्हाइकावर न वटलेल्या धनादेशाची फिर्याद करून बसलेला असतो. त्या फिर्यादीत कोण किती देणं लागतो ते त्याने स्वतःच लिहून दिलेलं आहे. त्याने दावा जिंकला असेल, तर त्याच्या बाजूचा तो हुकूमनामाही नियम ५३ खाली जप्त करता येतो. दुसऱ्याच्या दरखास्तीवर तुम्ही बसता!

इथली अडचण हद्दीची. न्यायालय आपल्या हद्दीबाहेरच्या माणसाविरुद्ध किंवा मालमत्तेवर अंमलबजावणी करू शकत नाही, कलम ३९ (४) तसं स्पष्ट सांगतं. टॉवेल मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेला असेल, तर हुकूमनामा तिकडच्या न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. मालमत्ता निसटायची भीती असेल, तर कलम ४६ खाली त्या न्यायालयाला आधी तात्पुरत्या जप्तीचं पत्र पाठवता येतं. त्या जप्तीची मुदत सहसा दोन महिन्यांची असते, तेवढ्यात वर्ग करायचं काम उरकावं लागतं. म्हणून यादीत सोलापुरातल्या व्यापाऱ्याकडचं येणं आधी लिहा, मुंबईचं नंतर.

माग, सूत आणि कारखाना

पक्षकाराला सगळ्यात जास्त आवडणारं चित्र म्हणजे बेलिफ टेम्पो घेऊन कारखान्यात शिरतो आणि माग उचलून नेतो. मी त्याचा उत्साह जरा कमी करतो.

कलम ६० च्या परंतुकानुसार कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. पूर्व भागात स्वतः मागावर बसून विणणारा माणूस असेल, तर त्याचा माग त्याच्या पोटापाण्याचं हत्यार आहे आणि हा बचाव तो घेणार. पण उदाहरणातल्या कारखानदाराचे चोवीस यंत्रमाग कामगार चालवतात, तो फक्त मालक आहे. त्याला कारागीर म्हणून संरक्षण मागता येईल असं मला वाटत नाही. खरा अडथळा दुसराच असतो. माग बँकेकडे नजरगहाण आणि कारखाना तारण असतो. अशी मालमत्ता जप्त करता येते, पण बँकेचं कर्ज तिच्यावर पुढे असतं. विकून बँकेचं भागल्यावर काही उरलं तरच ते तुमचं. कंपनी असेल तर mca.gov.in वर तिच्या बोजांची नोंद पाहता येते. एकल मालकाच्या बाबतीत मालमत्तेवरचा बोजा सर्साई या तारणांच्या केंद्रीय नोंदणीत शोधावा लागतो. बोजा मोठा निघाला तर मागांचा नाद सोडा. भंगाराच्या भावाने विकलेल्या मागांतून टेम्पो, हमाली आणि राखण यांचा खर्चही निघत नाही, आणि तो खर्च आधी तुम्ही करायचा असतो.

सुताची गोष्ट वेगळी. गोदामातले सुताचे कोन आणि तयार टॉवेलचे गठ्ठे लवकर विकले जातात, म्हणून ते आकर्षक वाटतात. पण सोलापुरात बरेच कारखानदार मजुरीवर विणतात, सूत दुसऱ्या व्यापाऱ्याचं असतं. बेलिफ गठ्ठे मोजत असतानाच तो व्यापारी चलन घेऊन उभा राहतो आणि नियम ५८ खाली हरकत अर्ज देतो. मग माल कुणाचा यावर पुरावा, उलटतपासणी, तारखा, आणि तुमचा एक हंगाम गेला. मागावरचा माल लिहिण्याआधी कारखानदार स्वतःचा माल विकतो की मजुरी घेतो, हे विचारून घ्या.

एमआयडीसीतला भूखंडही लोक मालकीचा समजतात. तो भाडेपट्ट्यावर असतो. देणेकऱ्याचा पट्ट्यातला हक्क जप्त करता येतो, मात्र विक्रीनंतर हस्तांतरणासाठी एमआयडीसीची परवानगी आणि तिचं शुल्क यांतून जावं लागतं. हे गिऱ्हाईक बोली लावताना हिशेबात धरतंच.

घर आणि शेत

शहरातल्या मिळकतीसाठी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका आणि महापालिकेचा कर आकारणी उतारा काढा. शेतीसाठी bhulekh.mahabhumi.gov.in वर सातबारा आणि आठ-अ पाहता येतो. न्यायालयात जोडायला digitalsatbara.mahabhumi.gov.in वरचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्या. आठ-अ आधी पाहा, कारण त्यात खातेदाराचे त्या गावातले सगळे गट एकत्र दिसतात. खरेदी-विक्रीचे दस्त नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोनमधून सापडतात. मालमत्ता नुकतीच बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर गेली असेल, तर ती इथेच उघडी पडते.

तसं दिसलं तर तारखा समोर ठेवा. तुमची वकिली नोटीस गेली, आणि महिनाभरात बक्षीसपत्र झालं? घेणेकऱ्यांना चकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण घेणेकरी रद्दबातल ठरवून घेऊ शकतो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ मध्ये आहे. मालमत्ता जप्त करा. नवा मालक हरकत घेऊन येईल, तेव्हा हा मुद्दा त्याच हरकतीच्या चौकशीत मांडता येतो. पण पुरावा पक्का हवा. नुसता संशय असेल तर आपलाच वेळ जातो.

उदाहरणातल्या कारखानदाराची अक्कलकोट तालुक्यात भावांबरोबर सामाईक जमीन निघाली. तिच्याबद्दल तीन गोष्टी पाहाव्या लागल्या. एक, त्याचा फक्त हिस्सा जप्त होतो, आणि सरकारदरबारी आकारणी असलेल्या जमिनीचं वाटप जिल्हाधिकाऱ्यामार्फत करून घ्यावं लागतं, हे वर्षांचं काम. दोन, महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी असा कूळ कायद्याचा नियम न्यायालयाच्या लिलावालाही लागू आहे, म्हणजे बोली लावणारे कमी. तीन, अक्कलकोटला वेगळं न्यायालय असल्याने हुकूमनामा वर्ग करायचा प्रश्न. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असं दिसलं तर चौथी अडचणही येते, कारण त्या जमिनीच्या हस्तांतरणाला बंधनं असतात. आम्ही जमीन यादीत शेवटी ठेवली.

सदनिका मात्र उपयोगी. देणेकरी शेतकरी, मजूर किंवा घरकाम करणारा असेल आणि तो स्वतः त्या घरात राहत असेल, तर ते घर जप्तीतून वाचतं. कारखानदाराला हा आधार मिळत नाही, केवळ राहतं घर म्हणून ते वाचत नाही. तरी जरा थांबा. आठ लाखांसाठी साठ लाखांची सदनिका विकायला काढली, तर नियम ६४ आडवा येतो. देणं भागेल एवढाच भाग विकायचा असतो. तो नियम न पाळता झालेली विक्री पुढे रद्द होण्याचा धोका असतो. म्हणून सदनिकेची जप्ती आधी दबावासाठी ठेवावी. जप्तीनंतर त्याने ती परस्पर विकली, तर ती विक्री तुमच्या हक्कापुरती निरर्थक ठरते, हे कलम ६४ सांगतं. कर्ज काढताना किंवा गिऱ्हाईक पाहताना त्याला हीच गोष्ट टोचते. जप्तीचा आदेश मिळकतीवर आणि न्यायालयाच्या फलकावर लागला का, दवंडी दिली का, याची खात्री तुम्ही स्वतः करा. आदेशाची नक्कल नगर भूमापन कार्यालयात आणि सोसायटीच्या सचिवांकडे पोचवा. गाडीचं म्हणाल तर एमएच-१३ मालिकेतली बहुतेक नवी वाहनं कर्जावर असतात, आरसीवरचा बोजा बघितल्याशिवाय लिहू नका.

पगारदाराबाबत थोडक्यात: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर. जप्तीच्या हिशेबातला पगार ३१,००० असेल तर ३०,००० चा तिसरा हिस्सा, म्हणजे महिना १०,००० रुपये. एकाच हुकूमनाम्यासाठी चोवीस महिने जप्ती झाली की पुढे तो पगार मोकळा होतो. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि देणेकऱ्याच्या स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम यांना हात लागत नाही.

दरखास्त लिहिताना

दरखास्त हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयात, किंवा तो वर्ग झाला असेल तर तिथल्या न्यायालयात दाखल करायची. नियम ११ (२) प्रमाणे दाव्याचा क्रमांक, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं का, बाहेर काही रक्कम मिळाली का, आधी दरखास्त लावली होती का, येणं किती आणि कोणत्या मार्गाने वसुली हवी, हे सगळं लिहावं लागतं. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल, वकीलपत्र, जंगम मालाची यादी आणि स्थावर मिळकतीचं चतुःसीमांसह वर्णन जोडायचं. बाहेर मिळालेली रक्कम लपवू नका. पुढे देणेकऱ्याने पावती काढली, तर तुमच्या सगळ्या अर्जाकडेच संशयाने पाहिलं जातं.

येण्याचा हिशेब कसा? दरखास्त १ जुलै २०२४ रोजी लावली. तीन वर्षांचं व्याज १,६२,०००. मुद्दल ६,००,००० आणि खर्च ३८,४०० मिळवले की एकूण ८,००,४०० रुपये, शिवाय पुढचं व्याज महिन्याला ४,५००.

मुदत बारा वर्षांची आहे. म्हणून लोक निवांत बसतात, आणि इथेच माझा त्यांच्याशी वाद होतो. हुकूमनाम्याला दोन वर्षं झाली की नियम २२ प्रमाणे जप्तीआधी देणेकऱ्याला नोटीस काढावी लागते. दोन वर्षांच्या आत दरखास्त लावली, तर साधारणपणे या नोटिशीवाचून जप्तीचा आदेश मागता येतो. बँक खात्यासाठी हा फरक सगळं ठरवतो. नोटीस मिळालेला माणूस संध्याकाळपर्यंत खातं रिकामं करतो. आणखी एक कारण: देणेकऱ्याच्या पैशावर दुसरेही हुकूमनामाधारक टपलेले असतात. पैसे न्यायालयात येण्याआधी त्यांनी आपली दरखास्त लावली असेल, तर कलम ७३ प्रमाणे सगळ्यांना प्रमाणात वाटून मिळतात.

क्रम

आम्ही पहिल्या फेरीत दोनच गोष्टी मागितल्या: चालू व बचत खात्यावर जप्ती, आणि चाटी गल्लीतल्या एका दुकानदाराकडच्या येण्यावर जप्ती. दुसऱ्यासाठी व्यापाऱ्याने प्रतिज्ञापत्र दिलं की हा दुकानदार टॉवेलवाल्याला देणं लागतो असं आपल्याला कळलं आहे, आणि कसं कळलं तेही लिहिलं. सदनिका, जमीन, माग काहीच लिहिलं नाही. यादी जितकी लांब, तितका देणेकरी लवकर सावध होतो.

बँकेने कळवलं, चालू खात्यात फक्त ११,००० शिल्लक. (ती रक्कम पुढे वसूल झाली, पण हिशेब सोपा राहावा म्हणून इथे बाजूला ठेवतो.) दुकानदाराने मात्र न्यायालयात येऊन मान्य केलं की तीन बिलांचे २,६०,००० रुपये द्यायचे आहेत. डिसेंबर २०२४ च्या शेवटी त्याने ते भरले. आता ही रक्कम आधी कशावर लावायची? हुकूमनाम्यात वेगळं सांगितलेलं नसेल तर आधी व्याज आणि खर्च, मग मुद्दल. साडेतीन वर्षांचं व्याज १,८९,००० आणि खर्च ३८,४००, मिळून २,२७,४००. उरलेले ३२,६०० मुद्दलात वजा. मुद्दल राहिलं ५,६७,४००. देणेकऱ्याचा वकील सगळी रक्कम मुद्दलात वजा करून हिशेब मांडतो, तेव्हा तो मुकाट्याने मान्य करू नका. व्याजाची गोळाबेरीज लाखात जाते.

दुसऱ्या फेरीत नियम ४१ वापरला. पैशाचा हुकूमनामा तीस दिवस फिटला नसेल, तर देणेकऱ्याने आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं असा आदेश मागता येतो. त्याचा नमुना संहितेच्या परिशिष्ट ई मध्ये नमुना १६-अ म्हणून आहे. आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज लोक पहिल्याच दिवशी करतात. मी तो दुसऱ्या फेरीला ठेवतो, कारण तोवर आपल्याला काही माहीत झालेलं असतं आणि त्याचं खोटं पकडता येतं. त्याला तोंडी तपासणीसाठीही बोलावता येतं. तिथे "तुमच्याकडे काय आहे?" असं मोघम विचारून काही निघत नाही. शेवटच्या तीन वर्षांतली सगळी खाती कोणती, जीएसटी विवरणपत्रात दाखवलेले मोठे खरेदीदार कोण, ठेवी कुठे, सदनिकेचा हप्ता कोणत्या खात्यातून जातो, वीज बिल कोण भरतं, असे नेमके प्रश्न विचारा.

कारखानदाराने प्रतिज्ञापत्रात कारखाना, माग आणि कर्ज असलेली सदनिका लिहिली, ठेव लिहिली नाही. तपासणीत सदनिकेचा हप्ता एका पतसंस्थेतल्या खात्यातून जातो असं निघालं, आणि तिथेच एक मुदत ठेव सापडली. ती जप्त झाली. जून २०२५ अखेर व्याजासह ३,२०,००० रुपये न्यायालयात आले. सहा महिन्यांचं व्याज २५,५३३ वळतं करून २,९४,४६७ मुद्दलात गेले आणि मुद्दल २,७२,९३३ वर आलं. ठेव लपवल्याचा मुद्दा आम्ही लेखी मांडून ठेवला. तो पुढे उपयोगी पडला.

अटकेचं काय? पैसे असून देत नाही हे दाखवता आलं, तर दिवाणी कैदेचा विचार होतो. गरिबीमुळे पैसे थकले असतील तर नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात हे ठणकावून सांगितलं आहे. स्त्रीला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक होत नाही. कैदेतल्या माणसाचा पोटखर्चही हुकूमनामाधारकालाच भरावा लागतो. म्हणून अटकेचा अर्ज पहिला नको. आधी प्रतिज्ञापत्र, मग त्यातलं खोटं, मग कारणे दाखवा नोटीस. लपवलेली ठेव समोर असताना आमच्या नोटिशीला वजन आलं.

तिसऱ्या फेरीत सदनिकेची जप्ती मागितली. दवंडी झाली, आदेश दारावर चिकटला, आणि आठवड्याभरात कारखानदार वकिलामार्फत बोलू लागला. उरलेली रक्कम चार हप्त्यांत द्यायचं ठरलं. प्रत्येक हप्त्याची पुरसीस, म्हणजे रक्कम मिळाल्याचं लेखी निवेदन, न्यायालयात दाखल केली. हा भाग आळसाने सोडू नका. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम नियम २ प्रमाणे नोंदवली नाही, तर दरखास्तीत ती मोजली जात नाही. आज घेणेकरी म्हणून तुमची सोय वाटेल, पण उद्या देणेकरी फसवणुकीची तक्रार घेऊन उभा राहील.

कुठे अडतं ते रोजनाम्यात दिसतं

दरखास्त थंडावली असं वाटलं तर वकिलावर चिडण्याआधी रोजनामा वाचा. "भत्ता भरला नाही" अशी नोंद असेल, तर बेलिफ निघालेलाच नाही. "पत्ता अपुरा" असेल तर चतुःसीमा दुरुस्त करा. "दार बंद" असेल तर बेलिफासोबत आपला माणूस पाठवा, जागा दाखवायला आणि पंच मिळवायला तो लागतो. बँकेचं उत्तरच आलं नसेल तर आदेशाची बजावणी शाखेत झाली की मुख्यालयात, ते पाहा. अंमलबजावणी सहा महिन्यांत संपवावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितलं आहे. दरखास्त विनाकारण रेंगाळत असेल तर अर्जात त्याचा उल्लेख करा. पण त्याच तारखेला पुढची मालमत्ता लेखी पुढे ठेवलेली असावी, कारण न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतात: जप्ती कशावर हवी?